समभाग-विरलन

समभाग-विरलन म्हणजे एखाद्या कंपनीने नवे भाग काढल्यामुळे जुन्या भागधारकाच्या मालकीची टक्केवारी कमी होणे. व्यवहारात यासाठी ‘इक्विटी डायल्यूशन’ किंवा नुसते ‘डायल्यूशन’ हा शब्द रूढ आहे. विरलनात भागधारकाच्या हातातील भागांची संख्या बदलत नाही. कंपनीच्या एकूण भागांची संख्या वाढते आणि त्यामुळे त्याचा हिस्सा पातळ होतो. नवउद्यमात, म्हणजे स्टार्टअपमध्ये, भांडवल टप्प्याटप्प्याने उभारले जाते व प्रत्येक टप्प्यावर नवे भाग निघतात. त्यामुळे आरंभी पैसे देणाऱ्या नातेवाइकाचा, मित्राचा किंवा जुन्या सहकाऱ्याचा हिस्सा काही वर्षांत निम्म्याहूनही कमी होऊ शकतो.

या लेखात खासगी मर्यादित कंपनीतील आरंभीच्या भागधारकाच्या दृष्टीने विरलनाची प्रक्रिया, तिचे गणित, भारतीय कायद्यातील तरतुदी आणि तिच्यातील धोके यांची माहिती दिली आहे.

## संकल्पना

विरलनाची तुलना अनेकदा शेतजमिनीच्या वाटणीशी केली जाते, पण ती अर्धीच लागू पडते. दहा एकरांच्या शेतात पाचवा भाऊ वाटेकरी झाला, तर शेत दहाच एकर राहते आणि प्रत्येकाच्या वाट्याची जमीन घटते. कंपनीत नवा भागधारक येतो तो पैसे घेऊन, आणि ते पैसे कंपनीच्या तिजोरीत जमा होतात. वाटेकरी वाढतो तसे शेतही वाढते. म्हणून टक्केवारी घटणे आणि नुकसान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे भाग योग्य किमतीला दिले गेले असतील, तर जुन्या भागधारकाच्या भागांचे मूल्य विरलनामुळे कमी होत नाही. नवे भाग वाजवी किमतीपेक्षा स्वस्त दिले गेले, तर मात्र जुन्याच्या वाट्याचे मूल्य नव्याकडे सरकते.

येथे दुसरा भेदही लक्षात घ्यावा लागतो. संस्थापकाने किंवा अन्य भागधारकाने आपले जुने भाग तिसऱ्याला विकले, तर त्याला विरलन म्हणत नाहीत. अशा विक्रीचे पैसे विकणाऱ्याला मिळतात, एकूण भागसंख्या तीच राहते आणि इतरांची टक्केवारी बदलत नाही. विरलन फक्त नव्या भागांच्या वाटपाने होते.

## भांडवल उभारणीचे टप्पे

नवउद्यमाच्या भांडवल उभारणीच्या प्रत्येक टप्प्याला ‘फेरी’ म्हणतात. पहिला पैसा बहुधा संस्थापकांचा आणि त्यांच्या आप्तांचा असतो. त्यानंतरच्या फेरीला ‘बीजफेरी’ किंवा सीड फेरी म्हणतात. तिच्यात वैयक्तिक गुंतवणूकदार, ज्यांना एंजल गुंतवणूकदार म्हणतात, किंवा लहान निधी भाग घेतात. पुढील फेऱ्यांना ‘सीरिज ए’, ‘सीरिज बी’ अशी अक्षरांची नावे असून त्यांत प्रामुख्याने साहसवित्त निधी, म्हणजे व्हेंचर कॅपिटल संस्था, पैसे गुंतवतात.

प्रत्येक फेरीत दोन आकड्यांवर वाटाघाट होते. कंपनीला किती पैसे हवेत हा पहिला आकडा, आणि नवे पैसे येण्यापूर्वी कंपनीची किंमत किती धरायची हा दुसरा. दुसऱ्या आकड्याला गुंतवणूकपूर्व मूल्यांकन म्हणतात. त्यात नवे पैसे मिळवले की गुंतवणुकोत्तर मूल्यांकन मिळते. नव्या गुंतवणूकदाराची टक्केवारी म्हणजे त्याच्या रकमेचे गुंतवणुकोत्तर मूल्यांकनाशी असलेले प्रमाण होय. ‘कंपनीचे मूल्यांकन चार कोटी’ असे नुसते म्हटल्यास ते पैशांपूर्वीचे की नंतरचे, हे स्पष्ट करून घेणे आवश्यक ठरते. एक कोटीच्या गुंतवणुकीसाठी पहिल्या अर्थाने वीस टक्के, तर दुसऱ्या अर्थाने पंचवीस टक्के हिस्सा जातो.

भारतात साहसवित्त निधी साधे समभाग क्वचितच घेतात. ते बहुधा ‘सक्तीने परिवर्तनीय अग्रहक्क भाग’ घेतात. व्यवहारात त्यांना सीसीपीएस म्हणतात. हे भाग ठरलेल्या प्रमाणात पुढे समभागांत रूपांतरित होतात, पण तोवर त्यांना पैसे परत मिळण्याबाबत अग्रक्रम असतो. म्हणून हिस्सा मोजताना हे सर्व भाग रूपांतरित झाले आणि कर्मचाऱ्यांसाठी राखलेले भागही दिले गेले, असे धरून हिशेब करतात. या पद्धतीला पूर्ण विरलित आधार म्हणतात.

## एक सोडवलेले उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असून केवळ गणित समजण्यासाठी दिले आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत दोन अभियंत्यांनी वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी करणारे यंत्र बनवण्यासाठी कंपनी स्थापन केली, असे समजू. दोघांनी १० रुपये दर्शनी मूल्याचे प्रत्येकी ४५,००० समभाग दर्शनी किमतीला घेतले. त्यांच्यापैकी एकाच्या मामांनी निवृत्तीच्या पैशांतून ५ लाख रुपये दिले आणि त्यांना ५० रुपये दराने १०,००० समभाग मिळाले. एकूण भाग १,००,००० झाले व मामांचा हिस्सा १० टक्के झाला.

बीजफेरी. दीड वर्षाने २ कोटी रुपयांच्या गुंतवणूकपूर्व मूल्यांकनावर ५० लाख रुपये आले. २ कोटींना १,००,००० भागांनी भागले असता प्रतिभाग २०० रुपये दर निघतो. ५० लाखांत २५,००० नवे भाग गेले आणि एकूण भाग १,२५,००० झाले. मामांचे १०,००० भाग आता ८ टक्के आहेत, पण त्यांचे मूल्य २० लाख रुपये आहे.

सीरिज ए. या फेरीत १५ कोटींच्या गुंतवणूकपूर्व मूल्यांकनावर ५ कोटी रुपये आले. गुंतवणूकदाराने एक अट घातली: कर्मचाऱ्यांसाठी एकूण भागांच्या साडेबारा टक्के इतका राखीव साठा फेरीपूर्वीच निर्माण करावा. अशा साठ्याला ईसॉप साठा म्हणतात. गुंतवणुकोत्तर मूल्यांकन २० कोटी, म्हणून नव्या गुंतवणूकदाराचे २५ टक्के, साठ्याचे साडेबारा टक्के आणि जुन्या सर्वांचे मिळून साडेबासष्ट टक्के. जुने १,२५,००० भाग म्हणजे साडेबासष्ट टक्के, तेव्हा एकूण भाग २,००,००० झाले. त्यांपैकी गुंतवणूकदाराचे ५०,००० व साठ्याचे २५,०००. दर प्रतिभाग १,००० रुपये पडला. मामांचा हिस्सा ५ टक्के, मूल्य १ कोटी.

या टप्प्यावर बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे तो साठा. करारात गुंतवणूकपूर्व मूल्यांकन १५ कोटी लिहिलेले आहे. पण जुन्या १,२५,००० भागांची १,००० रुपये दराने किंमत होते साडेबारा कोटी. उरलेले अडीच कोटी म्हणजे अद्याप कोणालाही न दिलेल्या साठ्याची किंमत. साठा फेरीपूर्वी निर्माण झाल्यामुळे त्याचे संपूर्ण विरलन जुन्या भागधारकांनी सोसले आणि नव्या गुंतवणूकदाराला त्याची झळ लागली नाही. १५ कोटींना केवळ जुन्या भागांनी भागले असते, तर दर १,२०० रुपये निघाला असता.

सीरिज बी. पुढे ८० कोटींच्या गुंतवणूकपूर्व मूल्यांकनावर २० कोटी रुपये आले. दर ४,००० रुपये, नवे भाग ५०,००० आणि एकूण भाग २,५०,०००. मामांचा हिस्सा ४ टक्के, मूल्य ४ कोटी.

तिन्ही फेऱ्यांचा गोषवारा असा:

| टप्पा | एकूण भाग | दर, रुपये | मामांचा हिस्सा | मूल्य |
|---|---|---|---|---|
| स्थापना | १,००,००० | ५० | १० टक्के | ५ लाख |
| बीजफेरी | १,२५,००० | २०० | ८ टक्के | २० लाख |
| सीरिज ए | २,००,००० | १,००० | ५ टक्के | १ कोटी |
| सीरिज बी | २,५०,००० | ४,००० | ४ टक्के | ४ कोटी |

या तक्त्यातून गणिताचा नियम दिसतो. प्रत्येक फेरीत जुन्याकडे जितका अंश उरतो, तितक्याने आधीच्या हिश्शाला गुणावे लागते. येथे १० टक्क्यांना ०.८, मग ०.६२५ आणि पुन्हा ०.८ ने गुणले असता ४ टक्के येतात. घट बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने होते. म्हणून हिस्सा कधी शून्य होत नाही, परंतु प्रत्येक फेरीत तो आधीच्याहून लहान होत जातो. सर्वात मोठी घट, ८ वरून ५ टक्के, सीरिज ए मध्ये झाली, कारण तेथे गुंतवणूकदार आणि साठा हे दोन्ही एकाच वेळी आले.

## उतरत्या किमतीची फेरी

वरील उदाहरणात दर प्रत्येक वेळी चढला, म्हणून टक्केवारी घटूनही मामांचा लाभ झाला. कंपनीला अपेक्षित ग्राहक मिळाले नाहीत आणि पुढची फेरी आधीपेक्षा कमी दराने करावी लागली, तर चित्र उलटते. अशा फेरीला ‘डाउन राउंड’ म्हणतात.

समजा, सीरिज बी नंतर कंपनीला २,००० रुपये दरानेच १० कोटी रुपये मिळाले. नवे ५०,००० भाग निघून एकूण भाग ३,००,००० झाले. मामांचा हिस्सा ३.३३ टक्क्यांवर आला आणि त्यांच्या भागांचे मूल्य ४ कोटींवरून २ कोटींवर आले. टक्केवारी व दर ही दोन्ही एकाच वेळी घटली.

येथे सीरिज बी च्या करारातील विरलनरोधक कलम लागू होते. या कलमानुसार पुढे स्वस्तात भाग दिले गेले, तर सीरिज बी च्या अग्रहक्क भागांना रूपांतराच्या वेळी अधिक समभाग मिळतात. कलमाचा कडक प्रकार ‘फुल रॅचेट’ या नावाने ओळखला जातो. त्यात ४,००० रुपयांचा रूपांतर-दर थेट २,००० होतो आणि सीरिज बी च्या ५०,००० भागांचे १,००,००० समभाग होतात. एकूण भाग ३,५०,००० होऊन मामांचा हिस्सा २.८६ टक्के उरतो. नवा गुंतवणूकदार ही वाढ आधीच हिशेबात धरतो, त्यामुळे प्रत्यक्षात दर आणखी खाली ओढला जातो.

सौम्य आणि अधिक प्रचलित प्रकार भारित सरासरीचा आहे. त्यात नव्या फेरीत किती भाग स्वस्तात गेले याचाही विचार होतो. याच उदाहरणात रूपांतर-दर ४,००० वरून सुमारे ३,६६७ रुपये होतो, सीरिज बी ला सुमारे ४,५४५ समभाग अधिक मिळतात आणि मामांचा हिस्सा ३.२८ टक्के राहतो. सीरिज ए चा दर १,००० रुपयेच असल्याने दोन्ही प्रकारांत त्या गुंतवणूकदाराचे कलम लागू होत नाही. साधे समभाग असलेल्या आरंभीच्या भागधारकाला असे संरक्षण बहुधा नसते. इतरांना मिळालेल्या संरक्षणाचा भार त्याच्यावर आणि संस्थापकांवर पडतो.

## टक्केवारी आणि प्रत्यक्ष मिळणारी रक्कम

कंपनी विकली गेली, तर ४ टक्केवाल्याला विक्रीच्या रकमेचे ४ टक्के मिळतील, असा सर्वसाधारण समज असतो. अग्रहक्क भागांमुळे तो चुकीचा ठरू शकतो. या भागांना बहुधा अशी सवलत असते की, गुंतवणूकदाराने आपली मूळ रक्कम आधी उचलावी किंवा समभागांत रूपांतर करून टक्केवारीने वाटा घ्यावा. दोहोंपैकी जे अधिक असेल ते तो निवडतो.

उदाहरणातील कंपनी सीरिज बी नंतर, उतरती फेरी न होता, ३० कोटी रुपयांना विकली गेली असे समजू. कर्मचारी साठ्यातील सर्व भाग दिले गेले आहेत असेही धरू. सीरिज बी चा वाटा टक्केवारीने ६ कोटी होतो, म्हणून तो गुंतवणूकदार आपले २० कोटी परत घेतो. उरले १० कोटी. सीरिज ए ने रूपांतर केल्यास त्याला अडीच कोटी मिळतील, म्हणून तोही आपले ५ कोटी परत घेतो. उरलेले ५ कोटी बीजफेरीचा गुंतवणूकदार, संस्थापक, कर्मचारी आणि मामा यांच्या १,५०,००० भागांत वाटले जातात. बीजफेरीच्या गुंतवणूकदाराला मूळ ५० लाखांपेक्षा रूपांतरात सुमारे ८३ लाख मिळत असल्याने तो रूपांतर करतो. दर येतो सुमारे ३३३ रुपये.

मामांना मिळतात सुमारे ३३ लाख ३३ हजार रुपये. ४ टक्क्यांच्या हिशेबाने १ कोटी २० लाख मिळायला हवे होते. कागदावर ४ टक्के असलेला हिस्सा या विक्रीत एक टक्क्याच्या थोडा वर ठरला. मूळ ५ लाखांच्या तुलनेत ही रक्कम मोठी आहे, पण सीरिज बी च्या वेळी कागदावर दिसलेल्या ४ कोटींशी तिचा फारसा संबंध उरत नाही. याचे कारण असे की, ४,००० रुपये हा दर अग्रक्रम असलेल्या भागांसाठी दिला गेला होता. तोच दर साध्या समभागांना लावून काढलेले मूल्य म्हणूनच फुगलेले असते.

## लपलेले विरलन

काही व्यवहारांत विरलन लगेच दिसत नाही. परिवर्तनीय कर्जपत्र, ज्याला कन्व्हर्टिबल नोट म्हणतात, हा त्याचा ठळक नमुना आहे. मान्यताप्राप्त स्टार्टअपला एका गुंतवणूकदाराकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख रुपये अशा रीतीने घेता येतात. घेतेवेळी ती रक्कम कर्ज असते व भागांची संख्या बदलत नाही. पुढील फेरीत ती बहुधा सवलतीच्या दराने भागांत रूपांतरित होते. २०० रुपये दराच्या फेरीत २० टक्के सवलत असेल, तर २५ लाखांचे १२,५०० ऐवजी १५,६२५ भाग होतात.

केंद्र सरकारच्या २०२१ साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेतही संकल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारप्रवेशासाठी ५० लाखांपर्यंत रक्कम परिवर्तनीय रोख्यांच्या किंवा कर्जाच्या रूपाने देण्याची तरतूद आहे. ही रक्कम उद्भवन केंद्रांमार्फत, म्हणजे इनक्यूबेटरमार्फत, दिली जाते. छत्रपती संभाजीनगर येथे चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अॅग्रिकल्चर या उद्योजक संघटनेच्या पुढाकाराने ‘मॅजिक’ हे उद्भवन केंद्र उभे राहिले आहे. कोणत्याही केंद्रातून मिळणारी रक्कम अनुदान आहे, कर्ज आहे की भागांत बदलणारी आहे, यावर आरंभीच्या भागधारकाचे पुढील विरलन अवलंबून असते.

## कायदेशीर तरतुदी

भारतात नव्या भागांचे वाटप कंपनी अधिनियम, २०१३ नुसार होते. कलम ६२ चा मूळ नियम असा की, नवे भाग प्रथम जुन्या समभागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करावेत. यांना हक्कभाग म्हणतात. मामांसारख्या भागधारकाचे हे मूळ संरक्षण आहे. मात्र त्याच कलमात विशेष ठराव करून बाहेरच्या व्यक्तीला भाग देण्याची मुभा असून स्टार्टअपच्या बहुतेक फेऱ्या याच मार्गाने होतात. यासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल लागतो आणि कलम ४२ नुसार खासगी वाटपाची कार्यपद्धती पाळावी लागते. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत भागवाटप आणि वाटपापासून १५ दिवसांत निबंधकाकडे पीएएस-३ हे विवरणपत्र सादर करणे बंधनकारक आहे.

विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने लागतात. म्हणजे सर्वांनी मतदान केल्यास २५ टक्क्यांहून अधिक मते असलेला भागधारक असा ठराव एकटा अडवू शकतो. १० टक्के असलेला तो अडवू शकत नाही, पण त्याला दुसरे अधिकार असतात. मतदानाचा हक्क असलेल्या भरणा झालेल्या भांडवलाचा दहावा हिस्सा असल्यास कलम १०० नुसार असाधारण सर्वसाधारण सभेची मागणी करता येते. काढलेल्या भागभांडवलाचा दहावा हिस्सा असल्यास कलम २४४ नुसार दडपशाही व गैरव्यवस्थापनाविरुद्ध राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सदस्यसंख्येच्या दशांशाचा पर्यायही तेथे आहे आणि न्यायाधिकरण या अटींत सूट देऊ शकते. उदाहरणातील मामा बीजफेरीतच १० वरून ८ टक्क्यांवर आले. मूल्य चौपट झाले त्याच दिवशी त्यांनी भांडवलाच्या आधारे मिळणारा हा अधिकार गमावला. अग्रहक्क भागांना मतदानाचा हक्क किती, हे कंपनीच्या नियमावलीवर अवलंबून असल्यामुळे अचूक स्थिती नियमावली वाचूनच कळते.

संचालकांनी केवळ एखाद्या भागधारकाला अल्पमतात ढकलण्यासाठी नवे भाग काढले, तर ते वाटप रद्द होऊ शकते. ‘डेल अँड कॅरिंग्टन’ विरुद्ध पी. के. प्रतापन या प्रकरणात केरळमधील एका कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाने स्वतःलाच नवे भाग देऊन बहुमतातील भागधारकाला अल्पमतात आणले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली असे वाटप संचालकाच्या विश्वस्तकर्तव्याचा भंग ठरवला. कंपनीला पैशांची खरी गरज होती का, इतर भागधारकांना कळवले होते का आणि दर वाजवी होता का, हे प्रश्न अशा वादांत निर्णायक ठरतात.

## हिस्सा टिकवण्याचे उपाय आणि त्यांच्या मर्यादा

भागधारक-करारात प्रमाणानुसार सहभागाचा हक्क, ज्याला प्रो-राटा हक्क म्हणतात, लिहून घेता येतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत आपल्या टक्केवारीइतके नवे भाग त्याच दराने घेता येतात. या हक्काची मर्यादा पैशांची आहे. मामांना बीजफेरीत १० टक्के टिकवण्यासाठी २,५०० भाग २०० रुपयांना, म्हणजे ५ लाखांत मिळाले असते. सीरिज बी मध्ये ५ टक्के टिकवण्यासाठी तेवढेच २,५०० भाग घ्यावे लागले असते, पण ४,००० रुपये दराने त्यांची किंमत १ कोटी झाली असती. मूळ गुंतवणुकीच्या वीसपट रक्कम घातल्याखेरीज हिस्सा टिकत नाही. म्हणून हा हक्क प्रत्यक्षात मोठ्या निधींच्याच उपयोगी पडतो. ‘माझा हिस्सा कधीही १० टक्क्यांखाली येऊ नये’ असे कलम संस्थापक आप्तांना देतातही, परंतु पुढचा गुंतवणूकदार ते काढून टाकल्याशिवाय सहसा पैसे देत नाही.

विरलनाची माहिती वेळेवर मिळणे हा अधिक व्यवहार्य उपाय आहे. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण २१ दिवस आधी मिळायला हवी. खासगी कंपनीत नियमावलीनुसार वा सदस्यांच्या संमतीने ही मुदत कमी असू शकते. सदस्याला कंपनीची सदस्य-नोंदवही पाहता येते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पीएएस-३ व वार्षिक विवरणपत्रे कोणालाही पाहता येतात. आपल्याला नोटीस आलेली नसताना तेथे नव्या वाटपाची नोंद दिसणे, ही गडबडीची सर्वात स्पष्ट खूण होय. तसेच कंपनीने दिलेला हिस्सा-तक्ता पूर्ण विरलित आधारावर आहे की नाही, हे विचारावे लागते. साठा व कर्जपत्रे वगळून केलेल्या तक्त्यात हिस्सा असतो त्याहून मोठा दिसतो.

## महाराष्ट्रातील उदाहरणे

पुणे येथे २०१० साली सुपम माहेश्वरी आणि अमिताव साहा यांनी सुरू केलेली फर्स्टक्राय ही बालवस्तूंची विक्री करणारी कंपनी अनेक फेऱ्यांतून झालेल्या विरलनाचे उदाहरण आहे. तिचे नोंदणीकृत नाव ब्रेनबीज सोल्यूशन्स. सैफ पार्टनर्स, आयडीजी व्हेंचर्स, व्हर्टेक्स, एनईए अशा निधींनी तिच्यात क्रमाने पैसे घातले. २०१६ साली महिंद्रा समूहाचा बेबीऑय हा व्यवसाय तिने घेतला व त्या व्यवहारातून महिंद्रा तिचा भागधारक झाला. भाग केवळ रोख पैशांसाठीच नव्हे, तर दुसरा व्यवसाय घेण्यासाठीही दिले जातात, हे यातून दिसते. पुढे सॉफ्टबँक सर्वात मोठा भागधारक झाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ४६५ रुपये या कमाल दराने सार्वजनिक भागविक्री केली. त्या वेळी सॉफ्टबँककडे सुमारे पाव हिस्सा, महिंद्राकडे सुमारे ११ टक्के आणि माहेश्वरी यांच्याकडे सुमारे ६ टक्के हिस्सा होता. कंपनीला कोणीही प्रवर्तक नसल्याचे जाहीर करण्यात आले होते. या विक्रीचे दोन भाग होते. १,६६६ कोटी रुपयांचे भाग नवे होते, म्हणजे ४६५ रुपये दराने सुमारे ३.५८ कोटी भाग. एवढ्यानेच प्रत्येक जुन्या भागधारकाची टक्केवारी सुमारे ७ टक्क्यांनी, म्हणजे १०० असेल तर ९३ इतकी झाली. उरलेली विक्री जुन्या भागांची होती व तिने कोणाचेही विरलन झाले नाही. या दुसऱ्या भागात रतन टाटा यांचे ७७,९०० भाग होते. ते त्यांनी २०१६ साली सरासरी ८४.७२ रुपयांनी, एकूण सुमारे ६६ लाखांत घेतले होते. त्यांचा हिस्सा केवळ ०.०२ टक्के होता, तरी ४६५ रुपयांनी त्यांची किंमत सुमारे ३ कोटी ६२ लाख झाली.

याउलट मुंबईच्या नायका या कंपनीत संस्थापिका फाल्गुनी नायर आणि त्यांच्या कुटुंबाकडे नोव्हेंबर २०२१ मधील नोंदणीनंतरही निम्म्याहून अधिक हिस्सा होता. विरलनाचे प्रमाण कंपनीच्या यशापेक्षा, ती बाहेरचे पैसे किती लवकर आणि कोणत्या दराने घेते, यावर अवलंबून असते, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

## हेही पाहा

* भागभांडवल
* अग्रहक्क भाग
* हक्कभाग
* साहसवित्त
* कंपनी अधिनियम, २०१३